बातमीदाराचं बायलाइन पान: बीट, कामगिरी आणि आचारनियम फुशारकीशिवाय कसे लिहायचे

बातमीवरच्या नावावर बोट टेकवलं की त्या बातमीदाराचं पान उघडतं. तिथे बहुतेक वेळा असा मजकूर सापडतो: ‘निर्भीड व अभ्यासू पत्रकार. राजकीय, सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक विषयांवर गेली अनेक वर्षे सातत्याने लेखन. विविध पुरस्कारांनी सन्मानित.’ नाव बदलून हाच मजकूर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला लावला तरी काही बिघडत नाही. म्हणजे तो कोणाबद्दलच काही सांगत नाही.

त्या पानावर येणारा वाचक कौतुक वाचायला येत नाही. त्याने नुकतीच एक बातमी वाचलेली असते आणि त्याला शंका असते. हा माणूस एरवी काय पाहतो, या विषयावर त्याने आधी काय लिहिलंय, त्याचा यात काही लागाबांधा आहे का, आणि बातमी चुकली असेल तर सांगायचं कोणाला, एवढंच त्याला हवं असतं. ही उत्तरं द्यायला दीडशे ते तीनशे शब्द पुरतात. वेळ जातो तो लिहिण्यात नाही, तयारीत.

पुढे सोयीसाठी एक काल्पनिक बातमीदार धरू. ती कोल्हापूर जिल्ह्यात काम करते. साखर कारखाने, ऊसदर, सहकारी बँका आणि पतसंस्था हे तिचे विषय. माहेरची शेती उसाची आहे. ही शेवटची गोष्ट आठव्या ओळीत लपवायची की दुसऱ्या परिच्छेदात सांगायची, हा प्रश्न पुढे येईलच.

## टप्पा 1: लिहायला बसण्याआधी यादी करा

मागच्या बारा महिन्यांत तुमच्या नावाने छापून आलेल्या सगळ्या मजकुराची यादी काढा. संकेतस्थळाच्या प्रणालीतून ती मिळते. छापील अंकासाठी कात्रणांची फाइल चाळावी लागेल. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, मथळा, विषय, लिंक आणि बातमी एकट्याची की जोडीने, हे लिहा. आणखी एक रकाना ठेवा: बातमीचा आधार काय? कागदपत्रं, माहिती अधिकारातलं उत्तर, प्रत्यक्ष भेट, सभा, की प्रेसनोट. हा रकाना भरताना जरा कसंसं वाटतं, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

जुन्या मजकुराची अडचण वेगळी. ‘खास प्रतिनिधी’ किंवा ‘आमच्या वार्ताहराकडून’ या ओळीखाली गेलेली बातमी तुमचीच होती हे तुम्हाला माहीत असतं, वाचकाला नाही. अशी बातमी पानावर घ्यायची असेल तर संपादकांकडून मेलवर दुजोरा घ्या आणि पानावर ‘नावाविना प्रसिद्ध’ असं स्पष्ट लिहा. काही वेळा बातमीदाराच्या सुरक्षेसाठीच नाव गाळलेलं असतं. तशी बातमी आज स्वतःहून उघड करण्याआधी ते कारण संपलंय का, हे संपादकांना विचारा.

ई-पेपरच्या लिंक फार दिवस टिकत नाहीत, आणि संकेतस्थळाची नवी बांधणी झाली की जुने पत्ते मरतात. म्हणून निवडलेल्या प्रत्येक बातमीची प्रत `web.archive.org` वर जतन करून तो पत्ताही यादीत ठेवा.

तपासा: तुमचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लागतंय का? कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, कुठे लग्नानंतरचं आडनाव, असं असेल तर एकाच माणसाची तीन पानं तयार होतात. एक रूप ठरवा आणि डेस्कला कळवा.

## टप्पा 2: बीट मोजून लिहा

इथली नेहमीची चूक म्हणजे आपल्याला जे आवडतं ते बीट म्हणून लिहिणं. यादी समोर घ्या आणि विषयवार मोजा. आपल्या कोल्हापूरच्या बातमीदाराला वाटतं की ती ‘ग्रामीण अर्थकारण’ पाहते. यादी सांगते की निम्म्याहून अधिक बातम्या ऊसदर आणि गाळप हंगामाच्या आहेत, त्याखालोखाल पतसंस्थांच्या, आणि उरलेल्या निवडणुका, पूर, अपघात अशा जिल्ह्यात जे घडेल त्या. तिचं बीट पहिल्या दोन विषयांचं आहे. तिसऱ्या गटाबद्दल ‘गरजेनुसार जिल्ह्यातील इतर घडामोडी’ एवढं एक वाक्य पुरतं.

बीटच्या ओळीत विषय, भूगोल आणि कधीपासून, या तीन गोष्टी असू द्या. ‘कृषी’ हा विषय नव्हे, ते खातं आहे. ‘ऊसदर, एफआरपीची थकबाकी आणि कारखान्यांचे ताळेबंद’ हा विषय आहे. ‘प्रदीर्घ अनुभव’ याऐवजी वर्ष लिहा. वर्ष लिहिलं की दरवर्षी बदलावंही लागत नाही. ‘दहा वर्षांचा अनुभव’ लिहिणाऱ्यांची पानं पाचसहा वर्षं दहावरच थांबलेली असतात.

मग जे पाहत नाही तेही लिहा. तिच्या बाबतीत: ‘साखरेच्या वायदेबाजारावर आणि निर्यात धोरणावर मी स्वतंत्र वार्तांकन करत नाही, ते मुंबई आणि दिल्लीचे सहकारी पाहतात.’ हे वाक्य लिहायला कोणी तयार नसतं, आणि वाचकाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

सावध: ‘अभ्यासक’, ‘तज्ज्ञ’, ‘विश्लेषक’ हे शब्द बीटच्या ओळीत नकोत. कारखान्याचा ताळेबंद वाचता येणं हे कौशल्य आहे. तसं असेल तर ‘ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल वाचून बातमी करते’ असं लिहा.

## टप्पा 3: उल्लेखनीय बातम्या निवडा

सगळ्यात जास्त पानं इथे बिघडतात. ‘अमुक घोटाळा उघडकीस आणला’, ‘बातमीनंतर प्रशासनाला जाग’, ‘दणका’ हे शब्द मथळ्यात एक दिवस जगतात; बायलाइन पानावर ते वर्षानुवर्षं राहतात आणि कोणी तपासले तर टिकत नाहीत.

तीन ते पाच बातम्या पुरेत. निवडताना किती वाचली गेली, किती फिरली हे पाहू नका. ज्या बातमीचा आधार आजही दाखवता येतो, जी बीटमधली आहे आणि जिचा पाठपुरावा तुम्ही केला, ती घ्या. पाठपुरावा न झालेली बातमी कितीही गाजलेली असली तरी तुमच्या कामाबद्दल फार काही सांगत नाही.

प्रत्येक बातमीची नोंद चार वाक्यांत लिहायची: काय छापलं आणि केव्हा, कशाच्या आधारावर, पुढे काय झालं, आणि काय अजून झालेलं नाही. तिसरं वाक्य निसरडं आहे. ते एका उदाहरणातच नीट कळेल.

ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे कारखान्याने ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, द्यायचा असतो. उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज लागतं. थकबाकी राहिली की पुण्याचे साखर आयुक्त कारखान्यावर महसुली वसुलीचा आदेश काढू शकतात. त्याला सगळे आरआरसी म्हणतात, आणि प्रत्यक्ष वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. आता समजा, आपल्या बातमीदाराने जानेवारीत एका कारखान्याच्या थकबाकीची बातमी दिली आणि मार्चमध्ये त्या कारखान्यावर आरआरसी निघाली. पानावर काय लिहावं?

पहिला मोह असा: ‘यांच्या बातमीमुळे कारखान्यावर जप्तीची कारवाई.’ यात दोन चुका आहेत. आरआरसी म्हणजे जप्ती नव्हे. ती वसुलीची सुरुवात असते, आणि मधे तडजोड, मुदत, न्यायालय असं बरंच काही होऊ शकतं. दुसरी चूक ‘मुळे’ या प्रत्ययाची. एफआरपी किती दिली, किती थकली याची पाक्षिक माहिती कारखान्यांकडून आयुक्तालयाकडे जातच असते. बातमी आली नसती तरी हा कारखाना त्या यादीत दिसलाच असता. आदेशात बातमीचा उल्लेख नसेल तर ‘मुळे’ म्हणायला आधार नाही.

दुरुस्त नोंद अशी होईल: ‘जानेवारीत अमुक कारखान्याच्या एफआरपी थकबाकीची बातमी दिली. आधार: 23 शेतकऱ्यांच्या ऊसबिलांच्या पावत्या आणि माहिती अधिकारातून मिळालेला आयुक्तालयाचा तक्ता. मार्चमध्ये साखर आयुक्तांनी वसुलीचा आदेश काढला. आदेशात या बातमीचा उल्लेख नाही. विलंबाचं व्याज शेतकऱ्यांना अद्याप मिळालेलं नाही.’ आकडा उदाहरणासाठी धरला आहे, पण तुमच्या पानावर तो खरा असायला हवा. आणि गंमत अशी की ही नोंद ‘दणका’वाल्या नोंदीपेक्षा जास्त वजनदार वाटते, कारण पावत्या गोळा करायला काय पायपीट लागते हे ज्याला कळतं त्याला ते तिथेच दिसतं.

‘मुळे’ कधी लिहिता येतं? शासन निर्णयात, चौकशी अहवालात किंवा न्यायालयाच्या आदेशात तुमच्या बातमीचा उल्लेख असेल तेव्हा. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठांनी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतल्याची उदाहरणं आहेत. तसं झालं असेल तर याचिकेचा क्रमांक आणि आदेशाची तारीख द्या. विधिमंडळात प्रश्न आला असेल तर अधिवेशन आणि तारीख द्या, मात्र प्रश्न विचारला जाणं आणि कारवाई होणं यातला फरक पुसू नका.

‘सर्वप्रथम’ हा शब्द शक्यतो टाळा. तालुक्याच्या साप्ताहिकात तीच बातमी आठवडाभर आधी येऊन गेलेली असते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कोणाला ती दिसलेली नसते.

श्रेय वाटायला इथेच जागा आहे. तालुका प्रतिनिधीने पावत्या जमवल्या, छायाचित्रकाराने वजनकाट्याचा फोटो काढला, डेस्कवरच्या उपसंपादकाने आकडे पुन्हा जुळवून पाहिले, असं असेल तर नोंदीत ‘सोबत:’ लिहून त्यांची नावं द्या, त्यांना विचारून. बातमीत नंतर दुरुस्ती छापावी लागली असेल तर तीही नोंदीत लिहा आणि लिंक द्या. दुरुस्ती लपवून बातमी मिरवली तर पहिला तक्रारदार तीच दुरुस्ती शोधून काढतो.

तपासा: प्रत्येक नोंदीतलं प्रत्येक विशेषण खोडा. वाक्य कोसळलं तर त्यात माहिती नव्हती.

## टप्पा 4: हितसंबंध लिहा

आचारनियमांच्या आधी हे लिहायचं. ‘मी निःपक्षपाती आहे’ हे कोणीही म्हणू शकतं. कारखान्याचा सभासद कोण आहे, हे तपासता येतं.

कागदावर उत्तरं लिहा. घरातल्या कोणाचा ऊस बीटमधल्या कारखान्याला जातो का? कोण सभासद आहे, कोण नोकरीला आहे? ज्या पतसंस्थेवर लिहिता तिच्यात ठेव किंवा कर्ज आहे का? जवळचं कोणी स्थानिक निवडणूक लढवतं का? तुम्ही स्वतः एखाद्या पक्षाच्या, संघटनेच्या, संस्थेच्या कार्यकारिणीवर आहात का? सगळं पानावर जाणार नाही. बीटला भिडतं तेवढं जाईल.

आपल्या बातमीदारासाठी: ‘माझ्या माहेरच्या शेतीतला ऊस जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्याला जातो आणि वडील तिथले सभासद आहेत. त्या कारखान्यावरच्या बातम्या मी करत नाही. ऊसदराच्या सर्वसाधारण बातम्या मी करते. दर वाढला तर माझ्या कुटुंबाला फायदा होतो.’ शेवटचं वाक्य झोंबतं, पण त्याशिवाय आधीची दोन अर्धीच राहतात. कारखान्याचं नाव द्यावं का? जिल्ह्यात वाचकाला नावाशिवाय ही माहिती वापरताच येत नाही, म्हणून माझा कल द्यावं याकडे आहे. घरच्यांना त्यातून त्रास होणार असेल तर नाव संपादकांकडे लेखी नोंदवा आणि पानावर तसं सांगा.

आता जाहिराती. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या अनेक प्रतिनिधींना बातमीबरोबर जाहिरातीही आणाव्या लागतात आणि त्यावर कमिशन मिळतं. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या शुभेच्छा, हे सगळं त्यात आलं. हे पानावर लिहिणं अवघड आहे हे मान्य, कारण ही पद्धत प्रतिनिधीने नाही, मालकाने ठरवलेली असते. तरी पर्याय दोनच आहेत. ‘मी जाहिरातींचं काम करत नाही’ हे खरं असेल तर लिहा. खरं नसेल तर संपादकांशी बोलून ‘जाहिरातींचं कामही माझ्याकडे आहे, ज्यांच्या जाहिराती मी घेते त्यांच्यावरच्या बातम्या दुसरे सहकारी तपासतात’ असं काहीतरी अमलात आणा, आणि मगच लिहा. न पाळलेला नियम पानावर छापण्यापेक्षा ती ओळ नसलेली बरी.

सावध: नातेवाइकांची नावं, गावाचा नेमका पत्ता, मुलांची शाळा यातलं काहीही देऊ नका. नातं आणि संस्था एवढं पुरतं.

## टप्पा 5: आचारनियम, पाळता येतील तेवढेच

‘सत्य आणि निष्पक्षता ही माझी तत्त्वं’ हे खोडून टाका. त्याऐवजी वाचकाला दिसू शकेल अशी वागणूक लिहा: ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी विचारते आणि उत्तराला किती वेळ दिला ते बातमीत सांगते, दौऱ्याचा खर्च दुसऱ्याने केला असेल तर बातमीत लिहिते, प्रेसनोटवरून केलेल्या बातमीला माझं नाव लावत नाही. टप्पा 1 मधल्या ‘आधार’ रकान्याकडे पुन्हा पाहा. तिसरं वाक्य तो रकाना खोटं पाडत असेल तर ते लिहू नका.

संस्थेची आचारसंहिता असेल तर लिंक द्या. भारतीय वृत्तपत्र परिषदेचे, म्हणजे प्रेस कौन्सिलचे, पत्रकारितेच्या वर्तनाचे निकष पाळता असं लिहायचं असेल तर आधी ते वाचा. परिषदेला दंड करण्याचा अधिकार नाही, ती समज किंवा ठपका देऊ शकते. त्यामुळे ‘प्रेस कौन्सिलच्या नियंत्रणाखाली’ असली भारदस्त वाक्यं चुकीचा समज करून देतात.

सर्वात धोकादायक वाक्य माहिती देणाऱ्यांसाठी असतं: ‘तुमचं नाव कधीही, कोणालाही कळणार नाही.’ हे वचन भारतात कोणताही बातमीदार देऊ शकत नाही. प्रेस कौन्सिल कायदा, 1978 च्या कलम 15(2) नुसार बातमीचा स्रोत सांगायची सक्ती करता येत नाही, पण ते संरक्षण परिषदेपुढच्या कामकाजापुरतं आहे. न्यायालय स्रोत विचारू शकतं, आणि तपासात फोन जप्त झाला तर त्यातलं सगळं बाहेर जातं. म्हणून असं लिहा: ‘नाव गुप्त ठेवायचं कबूल केलं तर मी ते स्वतःहून कोणाला सांगणार नाही, संपादकांना सांगावं लागलं तर आधी तुम्हाला विचारेन. तुमच्या कार्यालयाच्या फोनवरून किंवा मेलवरून कागद पाठवू नका.’ कारखान्याच्या लेखा विभागातला कारकून हे वाचून जास्त सावध राहील, आणि तेच हवंय.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची किंवा अशा प्रकरणातल्या मुलांची ओळख न देणं हा कायदाच आहे. तो स्वतःचं तत्त्व म्हणून मिरवायची गरज नाही.

## टप्पा 6: पुरस्कार, अधिस्वीकृती, शिक्षण

हे दोन ओळींत उरका. पुरस्कार लिहायचा तर देणारी संस्था, वर्ष आणि कोणत्या बातमीसाठी, हे तिन्ही हवं. कारखाना, बँक किंवा राजकीय नेत्याच्या प्रतिष्ठानाने दिलेला पुरस्कार तुमच्या बीटशी संबंधित असेल तर तो या टप्प्यात येत नाही, टप्पा 4 मध्ये जातो. शासनाची अधिस्वीकृती हे ओळखपत्र आहे, गौरव नव्हे; लिहायची तर तशीच लिहा. मान्यवरांसोबतचे फोटो नकोत. चेहऱ्याचा एक साधा फोटो चालतो, आणि धोक्याच्या बीटवर तोही नसला तरी चालतो.

## टप्पा 7: संपर्क आणि दुरुस्ती

कार्यालयीन मेल द्या, खासगी मोबाइल नको. सिग्नल वापरत असाल तर 2024 पासून तिथे नंबर न दाखवता वापरकर्तानाव देता येतं. दुरुस्तीसाठी मात्र वेगळा पत्ता हवा, आणि तो तुमचा नको. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच मेलवर तक्रार पाठवायला सांगणं विचित्र आहे. संपादकीय विभागाचा पत्ता द्या आणि तक्रारीत बातमीची लिंक व चुकीचं वाक्य लिहायला सांगा.

## टप्पा 8: पान बातम्यांना जोडा

पान उत्तम झालं आणि बातमीवरचं नाव त्याकडे जातच नाही, असं अनेकदा दिसतं. प्रत्येक बातमीतल्या नावाची लिंक याच पानाकडे हवी. शोधयंत्रांना पान कोणाचं आहे हे कळावं म्हणून तांत्रिक सहकाऱ्याला एवढा तुकडा घालायला सांगा:

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "ProfilePage",
  "dateModified": "2025-06-10T10:00:00+05:30",
  "mainEntity": {
    "@type": "Person",
    "name": "तुमचं नाव, बायलाइनमध्ये असतं तसं",
    "jobTitle": "जिल्हा बातमीदार",
    "knowsAbout": ["ऊसदर", "सहकारी पतसंस्था"],
    "sameAs": ["https://example.org/profile"]
  }
}
```

`knowsAbout` मध्ये टप्पा 2 मधलेच विषय द्या. पानावर दोन आणि इथे बारा विषय, ही फुशारकी वाचकाला दिसत नाही इतकंच.

## टप्पा 9: दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि तारीख टाका

पान दोघांना दाखवा. एक, डेस्कवरचा असा सहकारी ज्याने तुमच्या बातम्या संपादित केल्या आहेत. त्याला फक्त ‘यातलं खोटं किंवा फुगवलेलं काय?’ एवढंच विचारा. दुसरा, बीटमधला जाणकार पण बातमीचा विषय नसलेला कोणी, उदाहरणार्थ सहकार खात्यातून निवृत्त झालेला लेखापरीक्षक. आरआरसीला जप्ती म्हटलंय ते त्याच्या लगेच लक्षात येईल.

पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ आणि तारीख असू द्या. बीट बदललं, नोकरी बदलली, नवा हितसंबंध तयार झाला किंवा यादीतल्या बातमीत दुरुस्ती झाली, की त्याच आठवड्यात पान बदला. हितसंबंधाची जुनी ओळ खोडताना मात्र घाई नको. वडिलांनी सभासदत्व सोडलं तरी त्या काळातल्या बातम्या संकेतस्थळावर आहेतच; म्हणून ओळ काढू नका, तिच्यापुढे ‘अमुक महिन्यापर्यंत’ असं लिहा.